घरपोच सेवा आठ ते अकरा, पण फार्मासिस्ट किती ते किती?

आमच्या नेरुळमध्ये एका मेडिकलची नवी शाखा उघडली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिची जाहिरात घरोघरच्या मोबाईलवर येऊन पोहोचली. मजकूर छोटा होता. "आता आपल्या नेरुळमध्येही! सकाळी ८ ते रात्री ११ मोफत घरपोच सेवा. सर्व औषधं उपलब्ध, २० टक्क्यांपर्यंत सूट. ज्येष्ठ नागरिकांसाठी एकदम सोपं, फक्त एक फोटो पाठवा!" दुसऱ्या दिवशी बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडले. एक तट म्हणाला, जिना उतरायला नको, रांगेत उभं राहायला नको, वर पैसे कमी, मग यात वाईट काय? दुसऱ्या तटात एक जुने दुकानदार होते. त्यांचं म्हणणं, औषध म्हणजे काय वडापाव आहे का दारात आणून द्यायला, हे सगळं बंदच केलं पाहिजे. गेली एकोणीस वर्षं मी नवी मुंबईत फार्मासिस्ट म्हणून काउंटरच्या मागे उभी आहे. दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीची आहेत. आणि मला ठामपणे वाटतं की दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडत होते.

माझं म्हणणं आधीच सांगते. घरपोच औषध हवंच, आणि ते म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात आधी हवं. पण जाहिरातीत जी वेळ छापायची, ती दुचाकी फिरण्याची छापून चालणार नाही. दुकानात फार्मासिस्ट हजर असण्याची वेळ छापली पाहिजे. आणि ज्येष्ठांसाठी 'सोपं' हा शब्द वापरायचा असेल, तर तो मागवण्याच्या सोपेपणाबद्दल नसावा. गोळी हातात आल्यावर ती कुठली, कशासाठी, कधी आणि कुठल्या जुन्या गोळीच्या जागी, हे त्या माणसाला चष्मा शोधण्याआधी कळणं, याला मी सोपं म्हणते. या दोन गोष्टी जाहिरातीत नसतील, तर ती सेवा चालू असो की बंद, म्हाताऱ्या माणसाच्या हाती फारसं काही लागत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका काकूंकडून शिकले. त्या आणि त्यांचे यजमान सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. दोघांचे गुडघे गेलेले. मुलगा पुण्याला. तो दर महिन्याला फोनवरून आईची औषधं मागवायचा आणि पिशवी घरी यायची. काकूंना बीपीसाठी ॲम्लोडिपिन पाच मिलिग्रॅमची रोज एक गोळी होती. एका महिन्यात त्यांची नेहमीच्या कंपनीची गोळी दुकानात नव्हती. दुकानानं दुसऱ्या कंपनीची, त्याच औषधाची, त्याच ताकदीची गोळी पाठवली. नाव वेगळं, पट्टीचा रंग वेगळा. पिशवीत बिल होतं, पण बदलाविषयी कुणी एक शब्द लिहिला नव्हता आणि फोनही केला नव्हता. काकूंच्या डब्यात जुन्या गोळ्या शिल्लक होत्याच. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी मुलाला फोनवर एक गोळी वाढवून सांगितली असेल. त्या दोन्ही घेऊ लागल्या.

दोन आठवड्यांत त्यांचे पाय सुजले. चप्पल चढेना. ॲम्लोडिपिनच्या मात्रेबरोबर घोट्याला सूज येण्याचं प्रमाण वाढतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पण पाय सुजलेली बाई समोर आली की सूज दिसते, डब्यातली दुसरी पट्टी दिसत नाही. जवळच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. ती सकाळी घेतली की काकूंना दुपारपर्यंत चार-पाच वेळा उठावं लागायचं. एकदा मोरीच्या उंबऱ्याशी तोल गेला. शेजारच्या सूनबाईंनी धरलं म्हणून पडल्या नाहीत. त्याच सूनबाई त्यांना हाताला धरून माझ्याकडे घेऊन आल्या. काकूंच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. मी तो काउंटरवर उलटा केला.

इथे मी जे केलं ते कुणालाही करता येण्यासारखं आहे. मी गोळ्या मोजल्या. नवीन पिशवी आली तेव्हा डब्यात किती गोळ्या होत्या, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पंधराची एक अख्खी पट्टी आणि उघडलेल्या पट्टीतल्या नऊ, म्हणजे चोवीस. नवीन आल्या तीस. एकूण चोपन्न. बिलावरच्या तारखेपासून वीस दिवस झाले होते. रोज एक घेतली असती तर चौतीस शिल्लक असायला हव्या होत्या. डब्यात दोन्ही मिळून चौदा निघाल्या. वीस गोळ्या जास्त, म्हणजे रोज एक जास्त. मग मी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि ठळक नावं बोटानं झाकून फक्त औषधाचं मूळ नाव काकूंना वाचायला लावलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर एकच आहे." मी लगेच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या आपल्या मनानं थांबवणं बरं नव्हे, म्हणून निर्णय त्यांच्यावरच सोडला. त्यांनी एक पट्टी आणि लघवीची गोळी, दोन्ही बंद केल्या. पंधरा दिवसांनी काकूंचे पाय चपलेत मावायला लागले.

आता या गोष्टीत दोष कुणाचा? मुलगा जबाबदार आहे, तो दर महिन्याला आठवणीनं औषध मागवतो. डिलिव्हरीचा मुलगा तीन मजले चढून वर आला. गोळी बनावट नव्हती, मुदतही संपलेली नव्हती. डॉक्टरांनी सूज पाहून जे दिलं ते बहुतेक डॉक्टर देतील. मधल्या सगळ्या साखळीत नाहीशी झाली होती ती एकच गोष्ट, साधारण दोन मिनिटांचं बोलणं. "काकू, तुमची ती गोळी आज नव्हती, तिच्याऐवजी ही पाठवतेय. आधीची संपली की मगच ही सुरू करा, दोन्ही एकत्र घेऊ नका." कायद्याच्या दृष्टीनंही हा बदल किरकोळ नाही. औषध नियमांतला ६५वा नियम सांगतो की शेड्यूल एच किंवा एक्स या, फक्त चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी याद्यांमधलं औषध चिठ्ठीवर लिहिलं असेल, तर त्याऐवजी दुसरं काही देता येत नाही, त्यातलं मूळ औषध तेच असलं तरीही. व्यवहारात हा नियम रोज मोडला जातो. मीही मोडला आहे, कारण समोरचं माणूस उद्याच्या गोळीवाचून राहू नये असं वाटतं. म्हणूनच म्हणते, बदल करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून करावा आणि घेणाऱ्याला सांगून करावा. गुपचूप केलेला बदल पिशवीत बसून राहतो.

कट्ट्यावरच्या जुन्या दुकानदारांना वाटतं, माणूस काउंटरवर आला की हे सगळं आपोआप होतं. त्यांच्या बाजूचा हा सगळ्यात जोरकस मुद्दा आहे आणि नेमका इथेच मला थांबावंसं वाटतं. खरंच होतं का? संध्याकाळी सात वाजता वाशीच्या किंवा ठाण्यात गोखले रोडच्या कुठल्याही मेडिकलसमोर उभं राहून पाहा. काउंटरवर सहा माणसं, प्रत्येकाचा हात पुढे, कुणाला पावती हवी, कुणाला सुट्टे. आतून पट्टी येते, कात्री चालते, "सकाळ-संध्याकाळ" एवढं म्हणून पुढचं गिऱ्हाईक. नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत लटकलेलं आणि ते ज्याचं, तो माणूस दुकानात नाही, हेही महाराष्ट्राला नवं नाही. २०१२-१३च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनानं दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असलाच पाहिजे म्हणून आग्रह धरला, कारवाया केल्या, तेव्हा केमिस्टांच्या संघटनांनी बंदचं हत्यार उपसलं होतं. त्या वेळी घरपोच सेवेचं एवढं पीक आलेलं नव्हतं. जे बोलणं आज हरवलं म्हणून आपण डिलिव्हरीला दोष देतो, ते काउंटरवरच कितीतरी आधी हरवलं होतं. डिलिव्हरीनं फक्त त्याची उणीव उघडी पाडली.

म्हणून "घरपोच बंद करा" हा उपाय मला अन्यायाचा वाटतो. सिडकोनं सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या लिफ्ट नसलेल्या इमारतींमध्ये तेव्हा तिशीत आलेली जोडपी आज सत्तरी-ऐंशीत आहेत. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये लिफ्ट आहे, पण मेडिकल रस्त्याच्या पलीकडे आहे आणि तो रस्ता ओलांडणं म्हणजे काय, ते तिथल्या आजोबांना विचारा. पावसाळ्यात चार महिने ही माणसं बाहेर पडायला घाबरतात. त्यांना दुकानात या म्हणणं म्हणजे औषध चुकवा म्हणणं आहे. बीपीची, साखरेची, थायरॉइडची गोळी मधे आठ दिवस बंद राहिली तर काय होतं, हे आम्ही पाहिलेलं आहे.

तर मग प्रश्न असा उरतो. बोलणं पिशवीबरोबर घरी पोहोचवता येतं का? मला वाटतं येतं, आणि आपल्याकडे ते पूर्वी येत होतं. जुन्या दवाखान्यांत कंपाउंडर मिक्स्चरची बाटली द्यायचा. त्या बाटलीच्या पाठीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली असायची आणि तिच्या कडा ठरावीक अंतरावर कातरलेल्या असायच्या. एक खाच म्हणजे एक डोस. माझ्या आजीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण खाच वाचता यायची. आज दुपारचा डोस घेतला का, हे बाटलीकडे बघून घरातलं कुणीही सांगायचं. त्या मिक्स्चरमध्ये काय असेल आणि ते किती शुद्ध असेल, याची खात्री नव्हती, हेही खरं. म्हणूनच १९३०मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली गेली, पुढे १९४०चा औषध कायदा आला आणि १९४८चा फार्मसी कायदा आला. औषध शुद्ध झालं, देणारा शिकलेला झाला. पण कातरलेली पट्टी गेली आणि तिच्या जागी आली चकचकीत ॲल्युमिनियमवर तिरप्या प्रकाशात धरल्याशिवाय न दिसणारी अक्षरं. ज्याला आपण प्रगती म्हणतो, त्यात घेणाऱ्याच्या सोयीची एक गोष्ट मागे सुटली, एवढंच मी म्हणतेय.

ती गोष्ट परत आणायला काय लागतं, ते मी आमच्या दुकानात करून पाहिलं आहे. ऑर्डर आली की आधी चिठ्ठीचा पूर्ण फोटो मागते. 'फक्त एक फोटो पाठवा' म्हटलं की माणसं रिकाम्या पट्टीचा फोटो पाठवतात. अर्धी कापलेली पट्टी, त्यावर 'टेल' एवढंच उरलेलं, ताकदीचा आकडा गेलेला. पट्टी सांगते की हे औषध कधीतरी घेतलं होतं. आज चालू आहे का, ते चिठ्ठीच सांगते, आणि चिठ्ठीवर तारीख असते. मग मी घरी फोन करते. मुलानं पुण्याहून मागवलेलं असलं तरी फोन नेरुळला, कारण गोळी तिथे घेतली जाणार असते. तीन गोष्टी विचारते. डब्यात कुठल्या किती शिल्लक आहेत? मागच्या वेळेनंतर डॉक्टरांनी काही बदललं का? मधे कुठल्या दुसऱ्या डॉक्टरांनी काही दिलं का? त्यानंतरच औषध रॅकवरून काढते. प्रत्येक औषधाची वेगळी कागदी पिशवी, तिच्यावर मार्करनं मराठीत मोठ्या अक्षरात: "बीपीची. सकाळी नाश्त्यानंतर १." बदल केला असेल तर लाल मार्करनं: "जुन्या गोळीच्या ऐवजी. दोन्ही घेऊ नका." आणि खाली एक तारीख, हे औषध कधी संपेल ती. पट्टी कापावी लागली तर ज्या टोकावर मुदत छापलेली आहे ते टोक गिऱ्हाइकाकडे जातं, दुकानात राहत नाही.

खाली लिहिलेली ती तारीख फार उपयोगी पडते. रात्री साडेदहाच्या ऑर्डरी कुठून येतात, असं मला पूर्वी वाटायचं. जेवणानंतर गोळी काढायला गेलं की पट्टी संपलेली कळते, तिथून येतात. संपण्याची तारीख पिशवीवर असली आणि आमच्याकडून चार-पाच दिवस आधी फोन गेला की त्या रात्रीच्या ऑर्डरी कमी होतात. थोडक्यात, रात्री अकरापर्यंतच्या सेवेची गरज बऱ्याच अंशी दुकानानं आधी न बोलल्यामुळे तयार झालेली असते.

आता त्या वेळेबद्दलच बोलू. सकाळी आठ ते रात्री अकरा म्हणजे पंधरा तास. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं पाहिजे, असा नियम आहे. एक फार्मासिस्ट पंधरा तास उभा राहू शकतो का? आठवड्याचे सातही दिवस? दोघं असतील तर उत्तम, मग जाहिरातीत तसं सांगायला हरकत काय आहे? एकच असेल तर दुपारी जेवायला गेल्यावर आणि रात्री नऊनंतर पिशवी कोण भरतं? पोरगा भरतो. प्रामाणिक, मेहनती पोरगा, पण त्याला दोन सारख्या डब्यांतला फरक शिकवलेला नाही. घरपोच सेवेत तर ही चूक पकडायला काउंटरपलीकडे गिऱ्हाईकही नसतं. समोर उभी असलेली बाई निदान म्हणते, "ही आमची नाही वाटतं, आमची निळी असते." तिसऱ्या मजल्यावरची बाई पिशवी घेते आणि दार लावते. म्हणून डिलिव्हरीची वेळ फार्मासिस्टच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त असू नये, असं मी म्हणते.

'सर्व औषधं' हा शब्दही तपासून घ्यावा लागेल. २६ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी सुरू होताच, केंद्रानं घरपोच औषध देण्याची परवानगी देणारी अधिसूचना काढली. तिच्यात अटी होत्या. औषध देणारं दुकान आणि घेणाऱ्याचं घर एकाच महसुली जिल्ह्यात हवं. अचानक उद्भवलेल्या आजाराची चिठ्ठी सात दिवसांच्या आतली, जुनाट आजाराची तीस दिवसांच्या आतली हवी. आणि गुंगीची, मादक गटातली औषधं, शेड्यूल एक्स आणि शेड्यूल एच-१ची औषधं यातून वगळलेली. एच-१ म्हणजे लांबचं काही नाही. सेफिक्झिमसारखी प्रतिजैविकं त्यात आहेत, ट्रामाडॉल आहे, आणि कितीतरी आजी-आजोबांच्या डब्यात असलेल्या झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम आणि झोलपिडेम, त्याही आहेत. त्या विकताना दुकानाला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं, रुग्णाचं नाव आणि किती औषध दिलं ते लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. मग 'सर्व औषधं घरपोच' वाचून आजोबा ऑर्डर देतात, पिशवी येते, नेमकी झोपेची गोळी त्यात नसते आणि रात्री नऊ वाजता फोनवर भांडण होतं. किंवा, जास्त वाईट, ती गोळी असते. जिल्ह्याची अट तर नवी मुंबईत अगदी पायाशी येते. बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेलं खारघर रायगड जिल्ह्यात. ठाण्याच्या चेक नाक्यापलीकडे मुलुंड, तो मुंबई उपनगर जिल्हा. नकाशावर पाच किलोमीटरचं वर्तुळ काढून 'एवढ्या भागात घरपोच' असं छापणाऱ्याला ही रेघ दिसतच नाही.

सूट हा मुद्दा मी टाळणार नाही. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला महिन्याला दोन-अडीचशे रुपये वाचणं म्हणजे काय, हे मला कळतं. त्यांना 'सुटीला भुलू नका' असं सांगण्याचा मला अधिकार नाही. पण दुकानदाराला मी एक विचारू शकते. सरकारनं ज्या औषधांची कमाल किंमत बांधून दिली आहे, त्यांच्या किमतीत किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं. त्यातून भाडं, वीज, पगार, दुचाकीचं पेट्रोल. वरून वीस टक्के सूट आणि मोफत डिलिव्हरी द्यायची तर कुठून तरी कापावं लागणार. कंपन्यांच्या योजनांमधून थोडं येईल, ज्या औषधांवर मार्जिन जास्त आहे ती पुढे ढकलण्यातून थोडं येईल, आणि उरलेलं कुठून येईल? दुसऱ्या फार्मासिस्टच्या पगारातून. म्हणजे त्या दोन मिनिटांच्या फोनमधून. सूट दहा टक्के करा आणि फोन ठेवा, असं मी म्हटलं तर कट्ट्यावरचे किती जण कबूल होतील, मला माहीत नाही. पण लघवीच्या गोळीचे, डॉक्टरांच्या जादा फेरीचे आणि मोरीत पडण्याच्या धोक्याचे पैसे काकूंच्या बिलात कुणी धरले नव्हते, एवढं मी त्यांना दाखवू शकते.

एक आक्षेप मला माझ्याच धंद्यातल्या मित्रांनी घेतला. ते म्हणतात, जाहिरात म्हणजे चार ओळी. त्यात नियमांची जंत्री घातली तर वाचणार कोण? बरोबर आहे. म्हणून मी बसून थोडक्यात लिहून पाहिलं. हे असं:

"नेरुळमध्ये आमची नवी शाखा. दुकान आणि घरपोच सेवा, दोन्ही सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९. या पूर्ण वेळेत फार्मासिस्ट दुकानात हजर. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा किंवा नुसता फोन करा. औषध पाठवण्याआधी आम्ही घरी फोन करून बोलू. प्रत्येक औषधावर मराठीत मोठ्या अक्षरात वेळ लिहून देऊ. झोपेच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिक्स घरपोच मिळणार नाहीत, त्यासाठी चिठ्ठी घेऊन घरातल्या कुणीतरी दुकानात यावं. घरपोच सेवा फक्त ठाणे जिल्ह्यात."

मूळ जाहिरातीपेक्षा हे दुपटीहूनही मोठं आहे. पण यातलं एकही वाक्य ज्येष्ठांना कळणार नाही असं नाही. 'नुसता फोन करा' हे मी मुद्दाम लिहिलं. फोटो काढणं, तो पाठवणं, ओटीपी वाचून दाखवणं, यात अनेकांची दमछाक होते आणि मग ते शेजारच्या मुलाला मोबाईल देतात, त्यात बँकेचे मेसेजही असतात. चिठ्ठीचा फोटो पाठवता आला नसेल तर डिलिव्हरीचा मुलगा दारात तिचा फोटो काढेल, दुकानाला पाठवेल आणि औषध दुसऱ्या फेरीत येईल. एक फेरी जास्त पडते, ती पडू द्यावी. दुपारी एक ते पाच बंद ठेवण्यालाही कारण आहे. फार्मासिस्टला जेवायला, टेकायला वेळ मिळतो, आणि त्या वेळात बहुतेक म्हातारी माणसं झोपलेली असतात, बेल वाजली की धडपडत उठतात. किंवा उठत नाहीत आणि पिशवी वॉचमनच्या केबिनमध्ये उन्हात पडते. त्या पिशवीत इन्सुलिन असेल तर विचारूच नका. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, मे महिन्यातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये तीन तास ठेवायचं नसतं. आणि काळजी म्हणून बर्फाला चिकटवून पाठवलं तर गोठून वाया जातं, ते वेगळंच. बाटली कपड्यात गुंडाळून, बर्फाची पिशवी बाजूला, आणि थेट हातात: असंच द्यावं लागतं.

इथे मला जुना पोस्टमन आठवतो. मनीऑर्डर घेऊन यायचा, तेव्हा तो पैसे दाराच्या फटीतून सरकवून जायचा नाही. नाव विचारायचा, रक्कम मोठ्यानं सांगायचा, समोर मोजायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि पाठवणाऱ्यानं कूपनवर लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. म्हातारीला वाचता येत नाही, हे पोस्टखात्यानं गृहीतच धरलं होतं आणि पोहोचवण्याची पद्धत त्यावरून ठरवली होती. डिलिव्हरीच्या मुलानं औषध समजावू नये, ते त्याचं काम नाही आणि त्यानं करूही नये. पण दारात उभं राहून दुकानाला फोन लावून तो आजींच्या हातात देणं त्याला नक्की जमतं.

नव्या शाखेचे मालक माझ्या ओळखीचे नाहीत. तरी मी हा मजकूर घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचला. बाकी सगळ्याला मान डोलावली आणि एका ओळीवर बोट ठेवलं, फार्मासिस्टच्या वेळेच्या. म्हणाले, "मॅडम, हे छापलं तर लोक विचारतील, आत्ता आहे का तुमचा फार्मासिस्ट." मी म्हटलं, विचारू देत. त्यांनी कागद घडी करून गल्ल्यात ठेवला आहे.